अंतर्गत चौकशीचा अहवाल हाती आला आहे : वाचायला सुरुवात कुठून करावी?

तापीकाठ

नमस्कार मंडळी. माझा मावसभाऊ जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका चटई कारखान्यात स्टोअर कारकून आहे. गेल्या ऑगस्टपासून तो निलंबित असून, त्याच्याविरुद्धची अंतर्गत चौकशी आता पूर्ण झाली आहे. चौकशी अधिकाऱ्यांचा चौदा पानांचा अहवाल दुसऱ्या कारणे दाखवा नोटिशीसोबत त्याला मिळाला आणि उत्तरासाठी सात दिवसांची मुदत दिलेली आहे. घरात इंग्रजी-मराठी कागद वाचणारा मीच असल्यामुळे तो गठ्ठा माझ्याकडे आला आहे.

आरोप तीन आहेत. पहिला असा, की रात्रपाळीत प्लॅस्टिक दाण्याची बारा पोती संगनमताने बाहेर काढून त्याने कंपनीच्या मालमत्तेबाबत अप्रामाणिकपणा केला. दुसरा आरोप साठा नोंदवहीत दोन दिवसांच्या नोंदी न केल्याचा, आणि तिसरा फाटकावर सुरक्षा अधिकाऱ्याशी उद्धटपणे बोलल्याचा आहे. अहवालात तिन्ही आरोप सिद्ध झाल्याचे म्हटले आहे.

मी तो दोनदा वाचला, पण पहिल्या अकरा पानांत काय पाहायचे हेच समजले नाही. वकिलांकडे जाण्यापूर्वी नीट टिपणे काढून न्यावीत असा विचार आहे. आरोप, पुरावा, निष्कर्ष आणि कार्यपद्धतीतील त्रुटी यांची नोंद जाणकार कशी करतात?

भुसावळकर_आबा

मी रेल्वेत होतो आणि सहकाऱ्यांच्या चौकशीत बचाव साहाय्यक म्हणून बसलो आहे. प्रथम आरोपपत्राला चार जोडपत्रे आहेत का ते पाहावे : आरोपांची कलमे, आरोपांचा तपशील, कागदपत्रांची यादी आणि साक्षीदारांची यादी. यांतील एक जरी नसेल तर सारी चौकशी रद्द होते. शिवाय अहवालावर म्हणणे मांडण्यासाठी पंधरा दिवस द्यावेच लागतात. तुम्हाला सात दिले आहेत, म्हणजे येथेच त्यांचा पाय घसरला आहे.

चाळीसगावची_लेक

माझेही असेच झाले होते. मी खाजगी शाळेत शिक्षिका होते. आमच्याकडे चौकशी एकटा अधिकारी करत नाही, तीन सदस्यांची समिती करते, आणि माझ्या प्रकरणात तिसऱ्या सदस्याने वेगळे मत लिहून दिले होते. ते मत संस्थेने मला दाखवलेच नाही. तुमच्या भावाने तीस दिवसांच्या आत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करावे. मुदत चुकवू नये, एवढे कळकळीने सांगते.

तापीकाठ

ताई, मनःपूर्वक आभार, पण हे प्रकरण शाळेचे नसून कारखान्याचे आहे, आणि अजून शिक्षाही झालेली नाही.

चाळीसगावची_लेक

हो, मी घाईत वाचले. तरीही सर्व कागदांच्या प्रती मागून घ्या, हे माझे सांगणे कायम आहे.

कोर्टाची_पायरी

कामगार न्यायालयात बरीच वर्षे दोन्ही बाजूंची कामे केली आहेत, त्या आधारावर लिहितो.

आबा सांगतात ती चार जोडपत्रे आणि पंधरा दिवसांची मुदत रेल्वेच्या १९६८ च्या शिस्त व अपील नियमांतील आहे. खाजगी कारखान्याला ते नियम लागत नाहीत. तेथे त्या आस्थापनेचे स्थायी आदेश, म्हणजे तिच्या सेवाशर्तींचे आणि शिस्तीचे नियम, पाहावे लागतात. मात्र त्यामागचे तत्त्व सर्वत्र सारखेच आहे : आरोप स्पष्ट कळला पाहिजे, साक्षी समोर झाल्या पाहिजेत, उलटतपासणीची आणि स्वतःचा बचाव मांडण्याची संधी मिळाली पाहिजे, आणि निष्कर्षाला कारणे दिलेली असली पाहिजेत. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये सूर एनॅमलच्या निकालात हेच सांगितले आहे.

आता तुमच्या प्रश्नाकडे वळतो. अहवाल पहिल्या पानापासून वाचू नका. पहिल्या अकरा पानांत बहुधा आरोपपत्राचा उतारा, तारखांचा क्रम आणि साक्षींचा सारांश असतो, आणि तो सारांश चौकशी अधिकाऱ्यांनी निष्कर्ष मनात ठरल्यावर लिहिलेला असतो. शेवटच्या अडीच-तीन पानांतील निष्कर्ष आधी घ्या. त्यातील प्रत्येक वाक्य वेगळे लिहून काढा आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न विचारा : हे चौकशीच्या कामकाजात कोठे आले आहे? कोणत्या साक्षीदाराच्या तोंडी, कोणत्या निशाणीवर म्हणजे क्रमांक देऊन दाखल केलेल्या कागदावर, कामकाजाच्या कोणत्या पानावर? ज्या वाक्यापुढची जागा कोरी राहील, ते वाक्य लाल पेनाने अधोरेखित करा.

त्यासाठी नुसता अहवाल पुरत नाही. रोजच्या बैठकांचे सही केलेले कामकाज तुमच्याकडे आहे का?

तापीकाठ

एकतीस पानांचे आहे. प्रत्येक पानावर भावाची सही आहे.

धुळे_उद्योग

दुसरी बाजूही कोणीतरी मांडली पाहिजे म्हणून लिहितो. माझा लहान कारखाना आहे आणि मला दोन चौकशा चालवाव्या लागल्या आहेत. येथे नेहमी असे गृहीत धरले जाते की मालकाने आधीच ठरवले आणि मग चौकशीचा देखावा केला. वास्तविक या प्रकरणात बारा पोती कमी आहेत, नोंदवही कोरी आहे, आणि दोन्हींची जबाबदारी एकाच माणसाकडे आहे. अंतर्गत चौकशीत फौजदारी खटल्यासारखा संशयातीत पुरावा लागत नाही, संभाव्यतेचे पारडे कोणीकडे झुकते एवढे पाहतात. हरियाणातील बस वाहकाच्या प्रकरणात प्रवाशांच्या साक्षी न घेताही बडतर्फी कायम राहिली होती. मग येथे एवढी चिकित्सा कशासाठी?

कोर्टाची_पायरी

धुळे_उद्योग यांचा पुराव्याच्या कसोटीचा मुद्दा बरोबर आहे, आणि टिपणे काढणाऱ्याने तो प्रथमच मान्य करावा. संशयाचा फायदा मागणारे उत्तर येथे फुकट जाते. परंतु १९७७ च्या त्या रतनसिंग प्रकरणात तपासणी पथकाच्या निरीक्षकाने स्वतः बसमध्ये चढून जे पाहिले ते स्वतः येऊन सांगितले होते. ऐकीव पुरावा चालतो, पण त्याचा आरोपाशी वाजवी संबंध असला पाहिजे आणि तो विश्वासार्ह असला पाहिजे, असे तेथे म्हटले आहे. कोणीच काही पाहिले नसताना 'सिद्ध' लिहावे, असा त्याचा अर्थ होत नाही.

तापीकाठ, तुमच्या प्रकरणात पोती बाहेर जाताना पाहिल्याचे कोण सांगतो?

तापीकाठ

काल रात्री तुम्ही सांगितल्याप्रमाणे बसलो. पहिल्या आरोपाच्या निष्कर्षात मला प्रत्यक्षात चारच वाक्ये सापडली, बाकी सगळा मजकूर आरोपपत्रातलाच आहे. ती चार वाक्ये येथे लिहितो.

एक, 'सुरक्षा रक्षकाच्या साक्षीवरून पोती मागील फाटकाने गेल्याचे सिद्ध होते.' कामकाजाच्या पान ९ वर उलटतपासणीत रक्षक म्हणतो, "मी स्वतः पोती जाताना पाहिली नाहीत, मला सुपरवायझरने सकाळी सांगितले." त्या सुपरवायझरची साक्ष झालेलीच नाही. अहवालातील साक्षीच्या सारांशात हे वाक्य गाळले आहे.

दोन, 'सीसीटीव्ही चित्रणावरूनही ही बाब स्पष्ट होते.' संपूर्ण कामकाजात चित्रण दाखवल्याची नोंद नाही आणि त्याला निशाणी क्रमांकही नाही.

तीन, 'आरोपित कामगाराने आपल्या खुलाशात चूक मान्य केली आहे.' त्याच्या खुलाशातील मूळ वाक्य असे आहे : "आजारपणामुळे दोन दिवसांच्या नोंदी राहून गेल्या, त्याबद्दल दिलगीर आहे. पोती नेल्याचा आरोप मला मान्य नाही."

चार, 'आरोपित कामगाराची मागील वर्तणूकही समाधानकारक नाही.' आरोपपत्रात मागील वर्तणुकीचा शब्दही नाही.

अमळनेरकर

चौदा पानांच्या अहवालात चार वाक्ये. लग्नपत्रिकेत यापेक्षा जास्त माहिती असते.

कोर्टाची_पायरी

उत्तम काम केले आहे. या चार वाक्यांचे दोष वेगवेगळ्या जातीचे आहेत, ते एकत्र कालवू नका.

पहिल्यात पुरावा आहे, पण तो उलटतपासणीत ढासळला आणि अहवालाने तो भाग सोडून दिला. येथे पान ९ वरील प्रश्न आणि उत्तर शब्दशः उद्धृत करावे, स्वतःच्या भाषेत सांगू नये. दुसऱ्यात पुरावाच नाही. जो पुरावा कामगाराला दाखवला नाही आणि नोंदीवर आला नाही, त्यावर निष्कर्ष आधारता येत नाही. कार्यपद्धतीतील सर्वांत जड त्रुटी हीच आहे. चौथ्यातील मागील वर्तणुकीचा दोषसिद्धीशी संबंध नाही, आणि शिक्षेसाठी ती विचारात घ्यायची असेल तर तशी आगाऊ सूचना द्यायला हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६३ सालीच मांचे गौडा प्रकरणात सांगितले आहे.

तिसरे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण ते वरवर खरे आहे. कबुली आहेच, पण ती दुसऱ्या आरोपाची आहे. ती उचलून पहिल्या आरोपाखाली ठेवली की नोंद न करणारा माणूस पोती नेणारा ठरतो. अहवाल वाचताना प्रत्येक कबुलीपुढे ती कोणत्या आरोपाची आहे हे लिहून ठेवावे, कारण अशी सरमिसळ फार होते आणि ती वाचणाऱ्याच्या ध्यानात येत नाही.

धुळे_उद्योग

चित्रणाचा मुद्दा मला पटला. मी असतो तर ते पहिल्याच बैठकीत दाखवले असते, आणि दाखवण्यासारखे असते तर त्यांनीही दाखवले असते असे वाटते. परंतु दुसरा आरोप तर उघड मान्य आहे. तेवढ्यावर शिक्षा होऊ शकत नाही का?

कोर्टाची_पायरी

शिक्षा होऊ शकते, बडतर्फी टिकणे अवघड आहे. दोन दिवस नोंद न करणे हा गैरवर्तनाचा किरकोळ प्रकार मानला गेला, तर त्यासाठी धक्कादायक प्रमाणाबाहेर शिक्षा देणे ही महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथांच्या कायद्यात चौथ्या अनुसूचीखाली अनुचित प्रथा आहे. म्हणून दुसरा आरोप नाकारण्यात शक्ती घालवू नये. तो मान्य करून त्याचे वजन किती, एवढेच सांगावे.

भुसावळकर_आबा

कार्यपद्धतीच्या त्रुटींविषयी कोणी बोलत नाही. एक जरी बैठक एकतर्फी झाली असेल तर चौकशी गेली.

तापीकाठ

आबा, चौथी बैठक एकतर्फी झाली होती. भाऊ तापाने आजारी होता. त्याने प्रमाणपत्राचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला, तरीही स्टोअर व्यवस्थापकांची सरतपासणी उरकली. पाचव्या बैठकीत मात्र त्या साक्षीची प्रत देऊन उलटतपासणी करू दिली. याशिवाय मी टिपलेल्या गोष्टी अशा : चौकशी अधिकारी कंपनीच्या पॅनेलवरील वकील आहेत, कार्मिक अधिकारी व्यवस्थापनाचे प्रतिनिधीही होते आणि तिसरे साक्षीदारही, आणि त्यांची उलटतपासणी संपल्यावर चौकशी अधिकाऱ्यांनी त्यांना स्वतः सहा प्रश्न विचारले, त्यावर पुन्हा उलटतपासणी करू दिली नाही.

कोर्टाची_पायरी

त्रुटींसाठी वेगळा कागद करा आणि प्रत्येकीपुढे तीन गोष्टी लिहा : नेमके काय घडले, त्यामुळे बचावाचे काय नुकसान झाले, आणि त्या वेळी हरकत नोंदवली होती का. तिसऱ्या गोष्टीकडे लोकांचे दुर्लक्ष होते, पण पहिला प्रश्न तोच विचारला जातो.

या कसोटीवर तुमची एकतर्फी बैठक फारशी टिकत नाही. प्रत मिळाली, उलटतपासणी झाली, नुकसान भरून निघाले. लिहायचीच असेल तर एका ओळीत लिहा. अधिकारी पॅनेलवरील वकील आहेत, एवढ्यावरून पक्षपात ठरत नाही, न्यायालये ते मान्य करत आली आहेत. उलट त्या सहा प्रश्नांकडे नीट पाहा. चौकशी अधिकाऱ्याने खुलाशासाठी प्रश्न विचारणे गैर नाही. मात्र उलटतपासणीत पडलेले भगदाड बुजवण्यासाठी विचारले असतील आणि नंतर उलटतपासणी नाकारली असेल, तर त्यांनी न्यायाधीशाची खुर्ची सोडून फिर्यादीची घेतली असे म्हणता येते. ते प्रश्न आणि उत्तरे येथे लिहू शकाल का? हरकत नोंदली आहे का?

तापीकाठ

पाच प्रश्न सेवाकाळ, पाळीच्या वेळा अशा स्वरूपाचे आहेत. सहावा असा : "म्हणजे साठ्याची सर्वस्वी जबाबदारी आरोपित कामगाराचीच होती, असे म्हणायचे आहे का?" उत्तर : "होय." याआधी उलटतपासणीत त्याच साक्षीदाराने स्टोअरची एक चावी सुपरवायझरकडेही असते असे सांगितले होते. हरकत नोंदलेली आहे, बचाव प्रतिनिधीने पान २६ च्या तळाशी हाताने लिहिली आहे.

कोर्टाची_पायरी

मग हा मुद्दा वर घ्या. सहावा प्रश्न सूचक आहे, उत्तर प्रश्नातच आहे, आणि चावीची कबुली त्याने पुसली जाते.

काटेवाला

मी कायद्याचा माणूस नाही, माझा वजनकाटा आहे आणि चटई कारखान्यांच्या दाण्याच्या गाड्या माझ्याकडे येतात. बारा पोती कमी आहेत हा आकडा काढला कसा, हे कोणी विचारलेच नाही. सुरुवातीचा साठा, आवक आणि प्लांटला दिलेला दाणा यांवरून काढला असेल. आवकेचा आकडा चलनावरून घेतला की काट्याच्या पावतीवरून? दाण्याचे पोते पंचवीस किलोचे असते. गाडी भरताना पोती कमी चढली, तर चलनात ती दिसत नाही, काट्यावर दिसते.

तापीकाठ

काटेवाला, तुमच्या प्रश्नामुळे निशाणींची फाइल पुन्हा काढली. निशाणी ७ हा साठ्याचा तक्ता आहे : सुरुवातीची १८० पोती, आवक २४०, प्लांटला दिलेली २९६, म्हणजे १२४ उरायला हवीत, मोजणीत ११२ भरली. आवकेचे २४० चलनावरून घेतले आहेत. निशाणी ९ ही व्यवस्थापनानेच दाखल केलेली काट्याची पावती आहे आणि तीवर निव्वळ वजन ५,७२० किलो आहे. २४० पोत्यांचे ६,००० किलो व्हायला हवेत. म्हणजे २८० किलो कमी, सुमारे अकरा पोती. अहवालात निशाणी ९ चा उल्लेख कागदपत्रांच्या यादीत आहे, निष्कर्षात कोठेही नाही.

अमळनेरकर

घ्या! मालकानेच दाखल केलेला कागद आणि चौकशी अधिकाऱ्यांनीच न वाचलेला.

काटेवाला

एवढ्यावर उडी मारू नका. पावतीवरील गाडीचा क्रमांक आणि चलनावरील क्रमांक जुळतो का, रिकाम्या गाडीचे वजन त्याच दिवशी घेतले की जुनेच धरले, हे पाहा. चालक डिझेल भरून आला तरी रिकाम्या वजनात फरक पडतो, पण २८० किलोचा पडणार नाही. पावसाळ्याचे दिवस होते. ताडपत्री ओली असेल तर भरल्या गाडीचे वजन वाढते, कमी होत नाही.

धुळे_उद्योग

मी आता मालक म्हणून नव्हे, वाचक म्हणून विचारतो. गाडी उतरवून घेताना चलनावर '२४० पोती मिळाली' अशी सही कोणी केली? ती सही तुमच्या भावाची असेल, तर न मोजता माल घेतल्याचे तुम्ही स्वतःच सिद्ध करून देत आहात.

तापीकाठ

सही भावाचीच आहे. झेरॉक्सवर गाडी क्रमांकाचा शेवटचा अंकही नीट दिसत नाही, तो १ असावा किंवा ७. आता हा मुद्दा घ्यावा की सोडावा, हेच समजेना.

भुसावळकर_आबा

सोडा. जे त्यांनी विचारले नाही ते आपण का सांगावे?

कोर्टाची_पायरी

आबांची भीती समजण्यासारखी आहे, पण मी घ्यावा या मताचा आहे. न मोजता माल घेतला हा आरोप आरोपपत्रात नाही, आणि जो आरोप ठेवलाच नाही त्यावर दोषी ठरवता येत नाही. त्यांना तसा आरोप ठेवायचा असेल तर नव्याने आरोपपत्र द्यावे लागेल, आणि तो निष्काळजीपणाचा आरोप असेल, अप्रामाणिकपणाचा नव्हे. बडतर्फीचा भार अप्रामाणिकपणावर आहे. पोती कारखान्यात आलीच नसतील तर ती बाहेर गेली कशी, एवढा प्रश्न उभा राहिला तरी पहिला आरोप डळमळतो.

मात्र पोती आलीच नव्हती असे ठामपणे लिहू नका. निशाणी ९ व्यवस्थापनाचीच आहे, तिच्यातील वजन आणि निशाणी ७ मधील आवक जुळत नाही, चौकशी अधिकाऱ्यांनी या विसंगतीचा विचारच केलेला नाही, आणि मूळ पावती तपासायला मिळावी, एवढेच लिहा. क्रमांक जुळला नाही तरी यातील एकही वाक्य खोटे ठरत नाही.

धुळे_उद्योग

मला हे अजूनही धोक्याचे वाटते. बऱ्याच कारखान्यांत बडतर्फीला विश्वास गमावल्याचे कारण देतात, आणि न मोजता सही केल्याचे समोर आले तर तेच कारण त्यांना आणखी सोपे होईल. पण निर्णय तुमचा आहे.

चाळीसगावची_लेक

नोटिशीत नेमके काय लिहिले आहे? माझ्या वेळी सारा खेळ तिथेच होता.

तापीकाठ

'मी चौकशी अधिकाऱ्यांच्या निष्कर्षांशी सहमत असून आपणास बडतर्फ करण्याचे ठरवले आहे, याबाबत काही म्हणणे असल्यास सात दिवसांत सादर करावे.'

कोर्टाची_पायरी

ताईंनी मोलाचे विचारले. अहवालाची प्रत दोष निश्चित होण्यापूर्वी द्यावी, म्हणजे कामगार निष्कर्षांवरही बोलू शकेल, असे १९९३ च्या करुणाकर निकालाने ठरवले आहे आणि ते खाजगी आस्थापनांनाही लागू आहे. येथे प्रत देतानाच सहमती आणि शिक्षा दोन्ही ठरलेली आहेत. ही हरकत उत्तराच्या पहिल्याच परिच्छेदात घ्या, पण तिच्यावर विसंबून निष्कर्षांवर लिहायचे टाळू नका, कारण त्याच निकालात नुकसान झाले का हेही पाहावे असे म्हटले आहे. मुदत वाढवून हवी असेल तर सातव्या दिवसाची वाट न पाहता आजच लेखी अर्ज देऊन पोच घ्या.

आणखी एक सांगतो, कारण येथे बरेचजण त्रुटी सापडली की जिंकलो असे समजतात. न्यायालयाने चौकशी अयोग्य ठरवली तरी व्यवस्थापनाला तेथे नव्याने पुरावा देऊन आरोप सिद्ध करण्याची संधी मागता येते. तेव्हा सुपरवायझर येईल, कदाचित चित्रणही येईल. म्हणून त्या रात्री पाळीवर आणखी कोण होते याची नावे भावाकडून आताच लिहून घ्या.

तापीकाठ

मुदतवाढीचा अर्ज आज दुपारी देतो. भाऊ म्हणतो की त्या रात्री दोन हमाल होते आणि त्यांतील एक आता यावल तालुक्यातील गावी परत गेला आहे. रविवारी त्याच्याकडे जाणार आहोत. निशाणी ९ विषयी घरात अजून एकमत नाही, मावशीचे मत आबांसारखे आहे.

काटेवाला

मूळ पावती मिळाली नाही तर ज्या काट्यावर वजन झाले तेथे विचारा. हल्ली बहुतेक काट्यांवर संगणकात नोंद राहते. पावती क्रमांक आणि तारीख सोबत न्या.